२४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गुहागरच्या एका निवासी हॉटेलात हा स्विच मी गेल्या नोव्हेंबरात बसवला. त्याची क्षमता आणि किंमत यांवर शब्द खर्चत नाही. समुद्र दोनशे पावलांवर असूनही पोर्ट गंजलेले नाहीत आणि पंखा नसल्याने रेतीही आत खेचली जात नाही, एवढे श्रेय देऊन तक्रारीकडे वळतो.

जूनमध्ये विजांच्या एका रात्रीनंतर पार्किंगचा कॅमेरा बंद पडला. चिपळूणच्या घरून व्हीपीएनने राउटरपर्यंत पोहोचून स्विचचे पान उघडू लागलो, तर ते उघडेना. पिंगला दर वेळी `Request timed out.` एवढेच उत्तर येत होते. स्विच जळाला, असे मी मालकांना कळवले. ते म्हणाले, "अहो, मग बाकीचे कॅमेरे नि पाहुण्यांचं वायफाय कसं चालतंय?" प्रश्न बिनतोड होता.

विक्रेत्याला फोन केला, तर त्याने फॅक्टरी रीसेट करायला सांगितले, म्हणजे सगळे व्हीलॅन पुसून टाकायला. नकार दिल्यावर स्विच पुण्याला पाठवा आणि कुरिअरचा खर्च तुमचा, असे उत्तर आले. शेवटी भर पावसात पंचेचाळीस किलोमीटर जाऊन व्यवस्थापनासाठी राखलेल्या व्हीलॅन ९९ च्या पोर्टला लॅपटॉप जोडला आणि `192.168.99.2` ला पिंग केले. पहिल्याच फटक्यात उत्तर आले. तीच वायर ऑफिसच्या व्हीलॅन ३० मध्ये लावली की पुन्हा शांतता. इथपर्यंत मी या स्विचला दोन तारे देणार होतो.

मत बदलले ते राउटरवर लॉगिन केल्यानंतर. राउटर लिनक्सवर चालतो, त्यामुळे पिंग कोणत्या पत्त्यावरून निघावे हे ठरवता येते:

```
ping 192.168.99.2
ping -I 192.168.30.1 192.168.99.2
```

पहिल्याला उत्तर मिळाले, दुसऱ्याला नाही. व्हीलॅन ९९ कडे जाणारी पॅकेट tcpdump ने पाहिली, तेव्हा विनंत्या एकामागून एक स्विचकडे जाताना दिसत होत्या, परतीची मात्र एकही नव्हती. म्हणजे निरोप पोहोचत होता, उत्तराला परतीची वाट ठाऊक नव्हती. आपल्याच सबनेटमधल्या यंत्राला स्विच एआरपीने शोधून थेट उत्तर देतो. पण व्हीलॅन ३० मधला `192.168.30.15` हा पत्ता त्याच्या सबनेटबाहेरचा असल्याने तिकडचे उत्तर राउटरच्या हाती सोपवावे लागते, आणि राउटर कोणता हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. पाहुण्यांची आणि कॅमेऱ्यांची रहदारी स्विच केवळ मॅक पत्ता पाहून पुढे ढकलतो, तिला स्विचच्या गेटवेची गरज लागत नाही. म्हणून हॉटेलात कोणालाच काही जाणवले नाही.

सांगणारा अर्थातच मी असायला हवा होतो. नोव्हेंबरात आयपी आणि सबनेट मास्क भरून गेटवेचा रकाना मी रिकामा सोडला, आणि तेव्हा लॅपटॉप व्हीलॅन ९९ मध्येच असल्याने सारे सुरळीत भासले. तरीही माझा राग निवळलेला नाही. व्यवस्थापनाचा आयपी हाताने देताना गेटवे रिकामा राहिला, तर एका ओळीची सूचना द्यायला काय हरकत होती? हे पान पासवर्ड दुबळा असल्याबद्दल तीनदा टोकते आणि इथे मात्र मुकाट्याने 'यशस्वी' म्हणते.

दुरुस्ती एवढीच:

```
configure terminal
ip default-gateway 192.168.99.1
end
```

पेट्रोल जाळून गेलो याचे दुःख अधिक आहे, कारण राउटर स्वतः व्हीलॅन ९९ मध्ये असल्याने घरूनच त्याच्यावर शिरून तिथून स्विचला एसएसएच करता आले असते. ही युक्ती चारच दिवसांनी उपयोगी पडली. वीज गेली, यूपीएस संपला आणि स्विच पुन्हा गप्प झाला, कारण `copy running-config startup-config` द्यायचे मी विसरलो होतो. या वेळी खुर्चीतून न उठता पाच मिनिटांत काम झाले.

गेटवे मिळाल्यावर एक अनपेक्षित लाभ झाला. स्विचचे घड्याळ जे २००० सालात अडकले होते, ते बाहेरच्या वेळ-सर्व्हरपर्यंत पोहोचून बरोबर चालू लागले. त्याच्या विनंत्याही इतके महिने याच कारणाने अडत होत्या, आणि मी मात्र बॅटरीवर संशय घेत होतो.

तूर्त चार तारे. पाचवा त्या रिकाम्या रकान्यापायी कापला आहे. पार्किंगच्या कॅमेऱ्याचा पोर्ट खरोखरच विजेने गेला होता. कॅमेरा आता शेजारच्या पोर्टवर चालतो.