खाऊचे पैसे सुरू करताना: बोधकथा की हिशोबाची गोष्ट?

बोधकथेत उधळ्या फसतो, काटकसरी जिंकतो. झोपताना वाचायला ती छान, पण तिच्यात रकमा नसतात. मग मूल एवढंच धरतं की खर्च म्हणजे चूक, आणि घेतलेलं चॉकलेट लपवायला लागतं.

आठ वर्षांच्या मुलासाठी आम्ही हिशोबाची गोष्टच निवडू. या वयात साधी वजाबाकी येते, त्यामुळे पात्राबरोबर पैसे मोजता येतात. समजा, गोष्टीतली मुलगी परभणीच्या बाजारात 30 रुपये घेऊन जाते. 10 चे शेंगदाणे, 15 च्या बांगड्या घेते आणि मग 20 चा भोवरा दिसतो. हातात उरले 5. इथंच पुस्तक मिटून विचारा, "दर आठवड्याला 5 बाजूला टाकले, तर भोवरा कधी येईल?" मूल बोटांवर मोजून म्हणेल, "तीन आठवड्यांनी!"

त्याच आठवड्यात पैसे सुरू करा, तेही 5 च्या सहा नाण्यांत. नोटा दिल्या तर बाजूला टाकायला सुटे उरत नाहीत.

घेण्याआधी शेवटचं पान मात्र बघा. कमी पडलेले पैसे तिथं बाबाच भरत असतील, तर ते पुस्तक नको. मूलही तुमच्याकडून तेच धरून बसेल.