धुपाचं अत्तर: दिवाळी ते मे, वापरानंतरचा अनुभव

बाटली अर्धी झाली आणि मे महिन्यात वास फिरला. फवारा मारला की पहिली काही मिनिटं तारपीन आणि ओल्या रंगाचा भपकारा. आई ओसरीवरून म्हणाली, "काहून रे, दाराले रंग देला का?" कंपनीला फोन लावला तर उत्तर मिळालं, नैसर्गिक घटक आहेत, थोडा फरक पडतोच; बदलून हवी तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. दिवाळीत उघडलेल्या पाकिटाचा व्हिडिओ मे महिन्यात कुठून आणायचा? ५० मिलीला अडीच हजार मोजलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

परतवाड्याजवळच्या गावात माझं काष्ठौषधींचं दुकान आहे. मेळघाटातला सालईचा डिंक, गुग्गुळ, राळ, हिराबोळ रोज हाताखालून जातात. ह्या अत्तराचा मुख्य घटक फ्रँकिन्सेन्स, म्हणजे ओमान-सोमालियाकडच्या एका झाडाचा सुगंधी डिंक. ते झाड आणि आपली सालई दोन्ही बॉसवेलिया वंशातली, त्यामुळे ह्या अत्तराकडून माझी अपेक्षा जरा जास्तच होती.

दिवाळीत पहिली तक्रार वेगळी होती. खोक्यावर धुपाचं नाव, आणि फवाऱ्यातून आला लिंबाच्या सालीचा, चिडाच्या लाकडाचा, मिऱ्यासारखा चरचरीत वास. धुराचा पत्ता नाही. मग दुकानात सालईचा एक खडा निखाऱ्यावर टाकला आणि शेजारी कागदाच्या पट्टीवर फ्रँकिन्सेन्सच्या तेलाचा थेंब ठेवून आळीपाळीने हुंगले. खडा आधी फुगला, तेव्हा वास पट्टीच्या जवळ जाणारा होता. मग तो काळा पडला, धूर दाटला, आणि दोन्ही वास पार वेगळे झाले. कारण सरळ आहे. तेल वाफेवर काढतात. वाफेबरोबर हलकी द्रव्यं निघतात, मुख्यतः पायनीन आणि लिमोनीन. जड बॉसवेलिक आम्लं आणि डिंकाचा भाग भांड्यातच राहतो. निखाऱ्यावर जळतो तो हाच भाग. म्हणजे शुद्ध तेलात धूर नसतोच, तो अत्तरवाल्याला बाहेरून बांधावा लागतो.

ह्या बाटलीतली बांधणी नाकाने उलगडता येते. वर फ्रँकिन्सेन्स, ते लवकर उडतं. मध्ये हिराबोळ: कडवट, औषधी, ओल्या अळंबीच्या अंगाने जाणारा. तळाला लॅबडेनम ह्या झुडपी राळेचा चिकट गोडवा आणि बेंझॉइन ह्या झाडाच्या राळेचा व्हॅनिलासारखा मऊपणा, खाली देवदाराचं कोरडं लाकूड. धुराचा भास बहुधा केडच्या तेलाचा, म्हणजे जुनिपरचं लाकूड तापवून काढलेल्या धुरकट तेलाचा. तो फार जपून घालावा लागतो. मी घरी फ्रँकिन्सेन्सचे आठ थेंब, लॅबडेनम आणि बेंझॉइन पातळ करून तीन-तीन, देवदार दोन असं मिसळून पाहिलं. केडचा एक निखळ थेंब पडला आणि सगळं मिश्रण जळक्या लाकडाचं झालं. तेच केड १ टक्का करून एक थेंब घातलं, तेव्हा आरती संपल्यानंतरच्या गाभाऱ्याचा वास आला. जुन्या चर्चमधल्या धुपाचा जो वास रेंगाळतो, त्यामागची दोन आम्लं फ्रान्समधल्या नीसच्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१६ साली ओळखली. फ्रँकिन्सेन्सच्या डिंकात ती अगदी नगण्य प्रमाणात असतात. तेवढीशी मात्रा पुरते, हे ह्या एका थेंबावरून पटलं.

थंडीत माझं मत बदललं. डिसेंबरच्या गारठ्यात वरचा चरचरीत भाग सावकाश उडतो आणि हिराबोळ त्यात हळूहळू मिसळतो. सकाळी सुती उपरण्यावर मारलेला एक फवारा संध्याकाळीही येत होता. त्या दोन महिन्यांत पैसे वसूल झाले, हे मान्य करतो. अंगावर मारायचं तर दोन-तीन फवारे लागतात आणि टिकतं कमी, म्हणून मी कपड्यावरच वापरलं. पांढऱ्या कपड्यावर मारू नका, लॅबडेनमचा पिवळा डाग राहतो.

आता बिघाडाकडे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि माझी खोली पत्र्याची. बाटली अर्धी रिकामी, म्हणजे आत तेवढी हवा. पायनीन आणि लिमोनीन हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतात, उष्णता त्यांना घाई करते, आणि तारपिनासारखा उग्र वास सुटतो. खात्री करायला पट्टीवर फवारा मारून तासभर ठेवला. भपकारा गेला आणि लॅबडेनम-देवदाराचा तळ दिवाळीत होता तसाच निघाला. बिघडला आहे तो फक्त वरचा भाग, म्हणून माल मुळातच खराब होता असं मी म्हणणार नाही. पण गार, अंधाऱ्या जागी ठेवा एवढी एक ओळ खोक्यावर छापायला काय लागतं? विदर्भात कुरिअर पाठवणाऱ्याला इथला उन्हाळा माहीत असायला हवा. बिघडलेली तेलं कातडीला चुरचुरतात, तेव्हा उरलेलं अंगाला लावू नका.

घ्यायचं तर १० मिलीची बाटली घ्या, दसऱ्यानंतर घ्या आणि होळीपर्यंत संपवा. उरलंच तर लहान बाटलीत गच्च भरून फ्रिजच्या दारात ठेवा. ५० मिली मी पुन्हा घेणार नाही. कंपनीला पट्टीच्या चाचणीसह लेखी तक्रार पाठवली आहे, अजून उत्तर नाही.