गिअरबॉक्स उतरवलाच नव्हता, २६,५०० रुपये मात्र घेतले

आम्ही निफाडकडचे. डिसेंबर-जानेवारीत इकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो. त्या थंडीत माझी अकरा वर्षांची डिझेल गाडी पहाटे सुरू केली की पहिला गिअर पडायचा नाही आणि रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज यायचा. दोन-तीन किलोमीटर गेलं की सगळं सुरळीत. द्राक्षांचा हंगाम तोंडावर होता, म्हणून मी घाईने हमरस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली.

मालकाने गाडी जागेवरच उभी ठेवून एकदा गिअर टाकून पाहिला आणि सांगितलं, "सिंक्रो रिंगा गेल्यात, बॉक्स उतरवावा लागेल." सिंक्रो रिंगा म्हणजे गिअर आवाज न होता पडावा म्हणून बॉक्सच्या आत असणाऱ्या रिंगा. तिसऱ्या दिवशी झिजलेल्या तीन पितळी रिंगा हातात ठेवल्या आणि २६,५०० रुपये घेतले. बिलावर दोनच ओळी होत्या, 'गिअरबॉक्स काम' आणि 'गिअर ऑइल 85W-140'. गाडी चांगली चालली, म्हणून मीही समाधानाने घरी आलो. अठराव्या दिवशी तोच आवाज परत आला, आणि आता तर गिअरचा दांडाही जड झाला होता.

पिंपळगावच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी रात्रभर उघड्यावर ठेवायला सांगितली आणि पहाटे इंजिन सुरू न करताच सगळे गिअर टाकून पाहिले. दांडा जड होता, पण प्रत्येक गिअर पडला. मग इंजिन सुरू केलं, क्लच पूर्ण दाबून मनात पाच आकडे मोजले आणि रिव्हर्स टाकला. कर्रर्र! पेडल न सोडता टाकला असता तर पुन्हा तेच झालं असतं, असं म्हणत त्यांनी पेडल भराभर तीनदा मारलं, परत मोजलं आणि रिव्हर्स टाकला. या वेळी आवाज न होता पडला.

"दादा, तुमचा क्लच पूर्ण सुटत नाही," ते म्हणाले. क्लच दाबल्यावर प्लेट इंजिनपासून सुटली तर काही सेकंदांत बॉक्सचा आतला शाफ्ट थांबतो. माझ्या गाडीत तो थांबतच नव्हता. रिव्हर्सला सिंक्रो नाही, म्हणून तिथे दाते थेट घासतात. पहिल्याला रिंग आहे, पण तिचं काम सुटलेला शाफ्ट थांबवायचं. फिरत्या इंजिनाला ती कशी थांबवणार? पेडल तीनदा मारल्यावर फरक पडतो म्हणजे दोष क्लच सोडवणाऱ्या तेलाच्या दाबात, बॉक्समध्ये नाही. थंडीत क्लचच्या सिलिंडरच्या सीलचं रबर आखडतं आणि दाब निसटतो. गाडी तापली, पेडल चार वेळा मारलं गेलं की सील पुन्हा धरतं.

पेडलकडचा मास्टर सिलिंडर तेल ढकलतो आणि बॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर त्या दाबाने क्लच सोडवतो. या स्लेव्ह सिलिंडरचं रबरी टोपण त्यांनी बोटाने मागे सारलं तर आत ब्रेक ऑइल साचलेलं. माझ्या गाडीत ब्रेक आणि क्लचला एकच टाकी आहे आणि तिची पातळी उतरत होती, हे मी दोन महिने बघत होतो. त्याचा अर्थ मला लावता आला नाही.

त्यानंतर त्यांनी मला गाडीखाली बोलावलं. इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा चिखल जसाच्या तसा होता, एकाही डोक्यावर पान्याची खूण नव्हती. बॉक्स कधी उतरलाच नव्हता! त्या पहिल्या गॅरेजने क्लचच्या लाइनमधली हवा काढून टाकी भरली असावी, म्हणून अठरा दिवस निभावले. मी जपून ठेवलेल्या रिंगा पाहून मिस्त्री म्हणाले, या मोठ्या जीपच्या आहेत, तुमच्या बॉक्समध्ये बसणारच नाहीत.

दांडा जड झाला तो त्या जाड ऑइलमुळे. गाडीच्या पुस्तकात 75W-80, GL-4 लिहिलंय. सिंक्रो रिंगेला गिअरच्या निमुळत्या सुळक्यावरची तेलाची फिल्म पुसून पकड घ्यावी लागते, आणि थंडीत इतकं जाड ऑइल लवकर बाजूला होत नाही. असा जडपणा इंजिन बंद असतानाही जाणवतो आणि बॉक्स तापला की कमी होतो. मास्टर आणि स्लेव्ह दोन्ही सिलिंडर बदलले, योग्य ऑइल भरलं, मजुरीसह ५,८०० रुपये झाले.

सिंक्रो खरंच झिजला असता तर चालत्या गाडीत कळलं असतं. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरताना, गाडी तापलेली असली तरी, कर्रर्र झालं असतं आणि पेडल कितीही वेळा मारून फरक पडला नसता. मिस्त्रींनी तेही रस्त्यावर नेऊन पाहिलं. दुसरा गिअर स्वच्छ पडला. मात्र न सुटणाऱ्या क्लचवर रोज जोर करून गिअर टाकत राहिलो असतो तर चांगल्या रिंगाही गेल्या असत्या, हे त्यांनी बजावलं.

बोल्टांचे फोटो आणि रिंगा घेऊन मी पहिल्या गॅरेजला गेलो. मालक म्हणाला, बिलावर रिंगांचं नाव कुठाय? ते खरंच नव्हतं. बॉक्स उतरवायचा म्हटलं तर आधी इंजिन बंद ठेवून, पेडल तीनदा मारून आणि रस्त्यावर चालवून, या तिन्ही चाचण्या समोर करून घ्या, उतरवलेल्या बॉक्सचा फोटो तिथेच उभं राहून काढा, आणि बिलावर प्रत्येक भागाचं नाव लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्याकडे फोटो आहेत ते चिखल लागलेल्या बोल्टांचे, आणि तेही पैसे दिल्यानंतरचे.