राजपत्राच्या नावाखाली आमच्या पुतण्याला दिलेला कागद

माझ्या पुतण्याचं शाळेतलं नाव उकंडा. त्याच्या आधीची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून जन्मल्यावर त्याला घडीभर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नावही तेच ठेवलं. आमच्याकडं जुन्या माणसांत ही रीत होती. घरी सगळे त्याला विशाल म्हणतात. पोलीस भरतीच्या मैदानावर हजेरीत नाव पुकारलं की पोरं हसतात, म्हणून एकविसाव्या वर्षी त्यानं नाव कायदेशीर बदलायचं ठरवलं. पुढं जे झालं ते परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात झालं, पण असे ऑनलाइनवाले कोणत्याही तहसीलसमोर सापडतील.

तहसीलसमोरच्या ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानदारानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "दोन हजार द्या, आठ दिवसांत नाव बदलून देतो." त्यानं स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र टाइप केलं, नोटरीचा शिक्का मारून आणला आणि एका स्थानिक वर्तमानपत्रात बोटभर 'जाहीर प्रगटन' छापून आणलं. कात्रण लॅमिनेट करून हातात दिलं. पोरगं ते घेऊन आधार केंद्रावर गेलं, तर तिथल्या मॅडमनी परत पाठवलं. पूर्ण नाव बदलायचं असेल तर राजपत्र लागतं आणि त्यासोबत जुन्या नावाचा पुरावा, कात्रण चालत नाही, असं त्यांनी सांगितलं.

इथं आमचा पहिला घोळ होता. प्रतिज्ञापत्र म्हणजे तुम्ही शपथेवर सांगितलं. प्रगटन म्हणजे ते चार लोकांना कळवलं. आणि राजपत्र म्हणजे सरकारच्या छापील पत्रात त्याची नोंद झाली. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आधारला, बँकेला, पासपोर्टला माणूस धावतो तो तिसऱ्या कागदासाठी. दिल्लीतून निघणाऱ्या केंद्राच्या राजपत्रासाठी वर्तमानपत्रातली जाहिरात मागतात, म्हणून दुकानदार कात्रणाचं महत्त्व वाढवून सांगतात. आम्हाला राज्याचं राजपत्र पुरेसं होतं, आणि नंतर आम्ही स्वतः अर्ज भरला तेव्हा कात्रण कुणी मागितलंच नाही.

आम्ही परत गेलो तर तो पठ्ठ्या जराही ओशाळला नाही. "ते पहिलं काम होतं, गॅझेट वेगळं. साडेचार हजार. मुंबईच्या ऑफिसात आपला माणूस आहे, आतून करून घेतो." फोनपेवर पैसे दिले. पावती मागितली तर म्हणाला, सरकारी पावती गॅझेटसोबतच येते. मी शाळेत कारकून होतो, आयुष्य पावत्या फाडण्यात गेलं, तरी त्या दिवशी गप्प बसलो. पोराची घाई होती.

पोळ्याच्या आधल्या दिवशी व्हॉट्सॲपवर एका पानाची पीडीएफ आली. वर महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग दोन. खाली दोन रकाने भरून नावं, आणि उजव्या रकान्यात आमच्या पोराचं जुनं नाव, नवीन नाव, खाली क्रमांक. घरात पेढे आले.

संध्याकाळी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती प्रिंट चष्मा लावून वाचायला घेतली. ते वारकरी, पंचांगाशिवाय पान हलत नाही. म्हणाले, "अरे, हे श्रावणातलं का शिमग्यातलं?"

राजपत्राच्या माथ्यावर आठवडा छापलेला असतो, गुरुवार ते बुधवार, आणि त्याच ओळीत शके तारीखही असते. आमच्या कागदावर होतं: गुरुवार ते बुधवार, ऑगस्ट १४-२०, २०२५ / फाल्गुन २२-२८, शके १९४६. सरकारी शके दिनदर्शिकेप्रमाणे १४ ऑगस्टला श्रावण २३ येतो आणि वर्ष १९४७. फाल्गुन २२ म्हणजे १३ मार्च. पान बनवणाऱ्यानं इंग्रजी महिना बदलला, शके तसाच राहू दिला. त्याला वाटलं असेल, तो कोण वाचतो?

रात्रीच पुतण्यानं dgps.maharashtra.gov.in ही शासकीय मुद्रण संचालनालयाची साइट उघडली. मार्च १३-१९, २०२५ चा भाग दोनचा अंक काढला आणि तोच पान क्रमांक उघडला. आजूबाजूची सगळी नावं जशीच्या तशी होती. फक्त उजव्या रकान्यातल्या त्या एका जागी मूळ पानावर भलत्याच बाईचं नाव होतं, लग्नानंतर बदललेलं. तिची नोंद खोडून तिथं आमचं पोरगं बसवलं होतं. मग झूम करून पाहिलं तर त्या चार ओळींचा टाइप बाकीच्यापेक्षा किंचित जाड होता. ऑगस्टच्या अंकात तर आमचं नाव नव्हतंच.

राजपत्राची पारख एवढ्यावरच होते. दुकानदारानं पाठवलेली फाइल धरायची नाही. माथ्यावरच्या आठवड्याचा अंक सरकारी साइटवरून आपण उतरवायचा आणि त्यात आपलं नाव शोधायचं. तिथं नसेल तर हातातल्या कागदाला रद्दीचाही भाव नाही. उलट तो जाणूनबुजून आधार केंद्रात दिला असता तर बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरल्याचं, भारतीय न्याय संहितेतलं कलम ३४० आमच्याच पोरावर आलं असतं. पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत त्याचं काय झालं असतं, ते सांगायला नको.

'आतून करून घेतो' हे ऐकलं तेव्हाच उठायला हवं होतं. भाग दोनमधल्या नावबदलाच्या सूचनांवर सरकार स्वतःच छापतं की मजकूर अर्जदाराच्या सांगण्यावरून आहे, खरेपणाची जबाबदारी सरकारवर नाही. म्हणजे आत कुणी साहेब नाव मंजूर करत बसलेला नाही, मग ओळख कशाला लागते?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून दुकानात गेलो. आधी म्हणाला, प्रिंटिंग मिस्टेक. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार लावतो आणि फोनपेचा व्यवहार क्रमांक देतो म्हटल्यावर तीन हजार परत दिले. बाकीचे अजून यायचेत. तक्रार आम्ही तरीही दिली. त्या बाईच्या नोंदीवर त्यानं अजून किती जणांची नावं बसवली असतील, कुणास ठाऊक.

खरा अर्ज पुतण्यानं स्वतः भरला. फोटो, सही, आधार, जुन्या नावाच्या पुराव्याला टीसी. फी पडद्यावर दिसली, भरली आणि अर्जदाराच्या नावानं पावती लगेच निघाली. वेळ गेला तो स्पेलिंगमध्ये. वडिलांचं नाव आधारवर 'बापुराव', टीसीवर 'बापूराव', आणि इंग्रजीत तिसरंच. छापून आलेली चूक निस्तरायची तर पुन्हा सूचना, पुन्हा फी, म्हणून तीन जणांनी अक्षर अन् अक्षर तपासलं. काही आठवड्यांनी अंक निघाला. या खेपेला माथ्यावरची शके तारीख आप्पांनी आधी वाचली.

दहावीच्या गुणपत्रिकेवर मात्र उकंडाच आहे. राजपत्र मागच्या कागदांवर जाऊन अक्षरं बदलत नाही. भरतीचा अर्ज भरताना नाव दहावीप्रमाणेच टाकावं लागतं आणि पडताळणीला राजपत्र जोडावं लागतं. त्यामुळे मैदानावर हजेरी अजून त्याच नावानं होते. पोरगं आता हात वर करून "हजर" म्हणतं.