दिवसा रात्र शूट करायचा छोटा संच: सात महिन्यांच्या वापरानंतर

जनरेटर आणि रात्रपाळीचं युनिट बजेटमध्ये बसत नाही, तेव्हा बहुतेक जण डे-फॉर-नाइटकडे वळतात: भर दिवसा शूट करायचं आणि पडद्यावर रात्र दाखवायची. हा अनुभव त्यासाठी जमवलेल्या संचाचा आहे. 10-बिट लॉग, म्हणजे नंतर रंग-उजेड बदलायला वाव ठेवणारं फिकं चित्र देणारा कॅमेरा, लेन्समध्ये शिरणारा उजेड आणि इन्फ्रारेड कापणारे ठरावीक ताकदीचे आयआर-एनडी फिल्टर, थर्माकोलचे दोन मोठे शीट, काळं कापड आणि 300 वॅटचा बायकलर एलईडी, एवढंच सामान. सात महिन्यांत उघड्या माळावर, डोंगरउतारावर आणि झाडीत त्याने चांगलं काम दिलं. घराची खिडकी किंवा रस्त्यावरचा दिवा फ्रेममध्ये आला की मात्र त्याचं काही चाललं नाही.

सगळं अवलंबून आहे ते ऊन कुठून येतं यावर. एक्स्पोजर किती कमी केलं हा प्रश्न नंतरचा. समोरून ऊन पडलेला चेहरा कितीही काळा केला तरी तो अंडरएक्स्पोज झालेला दिवसच दिसतो. ऊन पात्राच्या मागून, थोडं बाजूने आलं की केसांना आणि खांद्यांना कड मिळते, चेहरा सावलीत जातो आणि सूर्याचा चंद्र होतो. म्हणून सकाळी दहाच्या आत किंवा साडेतीननंतर. दुपारी बाराला डोळ्यांखाली आणि नाकाखाली पडणाऱ्या सावल्या नंतरच्या कोणत्याही ग्रेडिंगने, म्हणजे रंग-उजेडाच्या दुरुस्तीने, जात नाहीत.

इथेच पोलरायझरबद्दलचा गैरसमज आडवा येतो. ‘आकाश गडद करायला पोलरायझर लावा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण पोलरायझर सूर्यापासून 90 अंशांवरचं आकाश गडद करतो. सूर्याच्या दिशेने त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. मागून ऊन हवं म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड सूर्याकडे, आणि तिथलं आकाश सगळ्यांत उजळ. दोन्ही एकदम मिळत नाही. आमच्या संचातला पोलरायझर दुसऱ्या महिन्यापासून बॅगेतच आहे. कॅमेरा उंचावर न्यायचा, लेन्स खाली झुकवायची, मागे उतार किंवा झाडी घ्यायची आणि आकाश फ्रेमबाहेर ठेवायचं. वाइड लेन्सवर पोलरायझर तसाही आकाशात गडद पट्टा पाडतो.

एक शॉट आकड्यांत पाहू. उतारावरची पायवाट, दुपारचे चार, एक बाई हातात कंदील घेऊन चालत येते. आयएसओ 800, शटर 1/50, एफ/4. या सेटिंगला थेट उन्हासाठी साधारण आठ स्टॉप एनडी लागते, म्हणजे 2.4. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट, आणि फिल्टरवर तो 0.3 असा मोजतात. आम्ही 2.1 लावतो, मुद्दाम एक स्टॉप कमी. त्यामुळे उन्हाची कड योग्य एक्स्पोजरच्या एक स्टॉप वर, म्हणजे +1 वर येते आणि उघड्या सावलीतला चेहरा -2 च्या आसपास. थर्माकोलवरून ऊन परतवून तो -1 पर्यंत आणायचा. मग ग्रेडमध्ये सगळं दीड स्टॉप खाली ओढायचं: कड -0.5, चेहरा -2.5. एवढ्या अंधारात चेहरा वाचता येतो आणि सावलीत नॉइजही येत नाही. शूट करतानाच दोन-तीन स्टॉप अंडर ठेवलं तर चेहऱ्याच्या काळ्या बाजूत दाणे उठतात आणि नंतर काही उजळता येत नाही. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ची रात्र तर मुद्दाम ओव्हरएक्स्पोज करून नंतर गडद केलेली आहे.

सेटवर सगळ्यांना रात्रच दिसावी म्हणून मॉनिटरवर दीड स्टॉप गडद केलेला लट (LUT), म्हणजे फक्त दिसणारं चित्र बदलणारी रंगांची फाइल, लावायचा. रेकॉर्डिंगला त्याने काही होत नाही. फक्त मॉनिटरवर काळ्या कापडाचा तंबू हवा. नाहीतर उन्हात काहीच दिसत नाही, आणि कुणीतरी आयरिस उघडतो.

आता कंदील. उजेडात ज्योत मरते, हे सगळ्यांना माहीत असतं. आत एलईडी बल्ब बसवला तरी चेहरा त्याने उजळत नाही, कारण हिशेबच जुळत नाही. 1500 लुमेनचा बल्ब अर्ध्या मीटरवर सुमारे 500 लक्स देतो, आणि सावलीतल्या चेहऱ्यावर आकाशाचेच दहा-बारा हजार लक्स आधीपासून असतात. म्हणजे बल्ब फक्त कंदील पेटलेला दाखवतो. चेहऱ्यासाठी 300 वॅटचा एलईडी 3200 केल्विनवर, रिफ्लेक्टर लावून, कंदिलाच्याच बाजूने आणि जरा खालून, पात्रापासून दीड ते दोन मीटरवर. तेव्हा एक गाल एका स्टॉपने वर येतो: हा -1, तो -2. ग्रेडनंतर -2.5 आणि -3.5. हा एका स्टॉपचा फरकच कंदील खरा वाटायला पुरतो. मात्र हे मिड शॉट आणि क्लोजअपपुरतं. वाइडमध्ये दिवा इतका जवळ नेता येत नाही, तिथे थर्माकोलवरच भागवावं लागतं. क्लोजअपमध्ये थर्माकोल काढून टाकायचा, नाहीतर दोन्ही गाल सारखे होतात.

व्हाइट बॅलन्स 4300 ठेवतो. ऊन निळसर होतं आणि दिवा पिवळा राहतो. थेट 3200 वर ठेवलं की कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये लाल चॅनेल उपाशी राहतो आणि त्वचा राखेसारखी होते. खरं चांदणं निळं नसतंच. ते परावर्तित ऊन आहे, किंचित उबदारच. अंधारात डोळ्यातल्या दंडपेशींवर मदार असते, त्यांना लाल रंग फारसा दिसत नाही, म्हणून रात्र आपल्याला निळसर भासते. त्यामुळे निळं चढवण्याआधी सॅच्युरेशन उतरवा, विशेषतः गवताचं. पोपटी गवत दिवसाची चुगली सर्वांत आधी करतं. कपड्यांत पांढरं टाळा. लाल साडी गडद होऊन छान बसते.

क्लोजअपमध्ये आणखी एक चुगलखोर म्हणजे कपाळ आणि डोळे. वरचं आकाश कपाळावर चमकतं आणि बाहुल्यांत पांढरा पट्टा होऊन दिसतं. फ्रेमच्या वर, डोक्यापासून हातभर उंचीवर काळं कापड धरलं की दोन्ही जातं. पण कापड फार मागे सरकलं तर केसांवरची उन्हाची कडच कापली जाते, आणि ती गेली की पात्र झाडीत विरघळतं.

फिल्टरबद्दल तक्रार व्हेरिएबल एनडीची. सात स्टॉपच्या आसपास वाइड लेन्सवर फुलीच्या आकाराचा काळा डाग येतो. साध्या जाड एनडीतून इन्फ्रारेड शिरतं आणि काळं सिंथेटिक कापड तपकिरी दिसतं. रात्रीच्या दृश्यात काळा रंगच बिघडला तर उरलं काय? म्हणून आयआर कापणारा ठरावीक एनडीच घ्या.

ग्रेड करताना, उजेडाची पातळी टक्क्यांत दाखवणाऱ्या वेव्हफॉर्म आलेखावर चेहऱ्याची उजळ बाजू 25 ते 30 टक्के, सावलीची बाजू 10 ते 12, आणि कंदील 70 च्या वर. फ्रेममध्ये हा एक उजळ ठिपका असला की डोळा बाकीच्याला अंधार म्हणून मान्य करतो. ठिपका नसेल तर तीच फ्रेम नुसती मळकट दिसते आणि पाहणारा मोबाइलचा ब्राइटनेस वाढवतो.

वाऱ्यात हलणारी झाडं, मागून उडालेले पक्षी आणि क्षितिजापर्यंत लख्ख दिसणारं शेत यांवर या संचात उपाय नाही. खिडकीतून बाहेर पडणारा उजेड हवा असेल, तर सूर्यास्तानंतरची वीसेक मिनिटं वापरा. आपल्याकडे संधिप्रकाश लवकर संपतो, त्यामुळे तेवढ्यात दोन सेटअपहून जास्त होत नाहीत.