पाणीटंचाईचं पाच मिनिटांचं रेडिओ फीचर: निवेदन लिहायचं की आवाजांवर सोडायचं?

वस्तीतल्या पाणीटंचाईवर फीचर करायचं ठरलं की संहितेचे दोन रस्ते समोर येतात. एकात निवेदक सांगत जातो आणि मधेमधे लोकांचे बाइट, म्हणजे त्यांच्या रेकॉर्ड केलेल्या बोलण्याचे तुकडे, येतात. दुसऱ्यात निवेदक नसतोच. नळावरचे आवाज आणि लोकांचं बोलणं एकमेकांना जोडून सगळं उभं राहतं. दुसरा प्रकार जिवंत वाटतो, त्यामुळे नवी टीम हमखास तिकडे वळते. आमच्या मते आधी टंचाईचं कारण काय ते बघावं आणि मग ठरवावं.

एक नेहमीचं प्रकरण घेऊ. गल्लीच्या सुरुवातीच्या घरांना पाणी येतं, टोकाच्या घरांना धड येत नाही. चौकशी केल्यावर कळतं की सुरुवातीच्याच काही घरांनी नळाच्या लाइनलाच मोटर लावली आहे. मोटर पाणी ओढते आणि पुढच्या पाइपात दाब उरत नाही. जोड गळके असतील तर बाहेरची घाणही आत खेचली जाते. हे कारण लोकांच्या बोलण्यातून क्वचितच सरळ बाहेर येतं. मोटर लावणारा माइकसमोर ते सांगणार नाही आणि टोकाचा माणूस शेजाऱ्याचं नाव घेणार नाही. निवेदक मात्र कुणावर बोट न ठेवता सांगू शकतो:

निवेदन: पहिल्या घरात पंधरा लिटरची बादली पाऊण मिनिटात भरते. शेवटच्या घरात तीच बादली भरायला तीन मिनिटं लागतात. नळ चालतो चाळीस मिनिटं. म्हणजे शेवटच्या घरात दोनशे लिटर. पाच माणसांत वाटले तर माणशी चाळीस.

हे वाचायला जेमतेम १७ सेकंद लागतात. आकडे अक्षरांत लिहिलेत, कारण वाचणारा अडखळत नाही. ऐकणाऱ्याला ते परत वाचता येत नाहीत, म्हणून एका दमात याहून जास्त देऊ नयेत. हाच हिशोब बाइटमधून काढायला गेलात तर हाती येतं, ‘दोन हंडे भरेस्तोवर गेलं बघा.’ वाक्य सुंदर आहे. ते निवेदनानंतर लगेच लावा, पण त्याआधी निवेदकाने ‘हंडेही भरत नाहीत’ असं म्हणून त्याची हवा काढू नये.

निवेदन असेल तर पाच मिनिटांची वाटणी सोपी जाते. मिनिटाला साधारण १२० शब्द धरले तर २४० शब्दांचं निवेदन दोन मिनिटं घेतं. २५ सेकंदांचे पाच बाइट म्हणजे दोन मिनिटं पाच सेकंद. उरलेली ५५ सेकंदं मोकळ्या आवाजांना. संहितेत प्रत्येक बाइटचे पहिले आणि शेवटचे तीन-चार शब्द व सेकंद लिहावेत, नाहीतर एडिटर चुकीच्या जागी कापतो.

बिननिवेदनाच्या संहितेत लिहिण्याचं काम वाचतं असं वाटतं. खरं तर ते आधी, रेकॉर्डिंगच्या वेळी करावं लागतं. ‘पाणी किती वाजता येतं?’ याला ‘पहाटे चार’ असं उत्तर आलं तर ते वापरता येत नाही, कारण प्रश्न कापला जाणार आहे. पूर्ण वाक्यात बोला, असं आधी सांगावं लागतं. ‘हे बघा, इथे’ हे शब्दही निरुपयोगी. काय बघायचं ते बोलणाऱ्याकडूनच वदवून घ्यावं. नळ सुरू असताना मुलाखत घेऊ नये. धारेचा सळसळाट आणि ‘स’, ‘श’ एकमेकांत मिसळतात आणि नंतर वेगळे करता येत नाहीत. बोलणं शांत जागी घ्यावं. धार, रिकाम्या भांड्यांचा खणखणाट, नळातून येणारी नुसती हवा हे प्रत्येकी मिनिटभर वेगळं रेकॉर्ड करावं. शिवाय सगळं रेकॉर्डिंग कागदावर उतरवावं लागतं, नाहीतर जोडायचं काय तेच कळत नाही.

पाणीखात्याच्या उत्तरातही मोठा फरक पडतो. अधिकारी माइकवर यायला तयार नसेल, पण लेखी उत्तर देत असेल, तर निवेदक ते वाचू शकतो. निवेदक नसेल तर खात्याची बाजू गायब होते आणि फीचर एकतर्फी ठरतं. सोमवारी रेकॉर्ड केलं, गुरुवारी व्हॉल्व्ह दुरुस्त झाला, शुक्रवारी प्रसारण आहे, असंही होतं. निवेदनाची एक ओळ दहा मिनिटांत बदलता येते. आवाजांच्या गोधडीत मात्र पुन्हा वस्तीत जावं लागतं.

म्हणून कारण गुंतागुंतीचं असेल, आकडे असतील किंवा आरोप असेल, तर निवेदनाची संहिताच घ्यावी. टँकर आला नाही, एवढीच गोष्ट असेल आणि रांगेतली एक सकाळ ऐकवायची असेल, तर आवाजांवर सोडायला हरकत नाही. आम्हाला मधला रस्ताही पटतो: पहिली ३० सेकंदं नुसते आवाज आणि एक बाइट, मग निवेदक. फक्त ती ३० सेकंदं निवेदनातून नाही, मोकळ्या आवाजांच्या आणि बाइटच्या वाट्यातून काढावीत. एरवी बादलीचा हिशोबच कापला जातो.