आठ महिने pheatmap वापरल्यावर: त्या scale = "row" नं मला कसं फसवलं

हा रिव्ह्यू खरं तर मे महिन्यातच लिहायला घेतला होता आणि तेव्हा पाचपैकी पाच द्यायचे ठरवले होते. बरं झालं टाकला नाही, कारण मध्ये बरंच काही झालं. pheatmap म्हणजे आर मधलं हीटमॅप काढणारं पॅकेज: आकड्यांच्या तक्त्याचे रंगीत चौकोन करतं आणि सारख्या ओळी एकत्र आणणारं झाड बाजूला काढतं. बाकी वापरणाऱ्यांना माहीत असेलच, ते सांगत बसत नाही.

माझा डेटा आधी सांगते. कोरगूट, म्हणजे आपल्या खाजन शेतातला तो खारं पाणी सोसणारा भात, त्याच्या मुळांचं आरएनए-सेक. सहा सँपल, तीन साध्या पाण्यातले, तीन मिठाच्या पाण्यातले. काउंट्स DESeq2 च्या `vst()` मधून काढलेले, म्हणजे आकडे साधारण लॉग 2 च्या मापात.

पहिल्याच दिवशी हौसेनं सगळी पंचवीस हजार जीन्स एकदम टाकली आणि आठ जीबीचा लॅपटॉप गारठला. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं की पंचवीस हजार ओळींची एकमेकींपासूनची अंतरं म्हणजे 31 कोटींवर आकडे, प्रत्येकाला आठ बाइट, म्हणजे नुसतं अंतराचं मॅट्रिक्सच अडीच जीबी, आणि हिशेब चालू असताना त्याच्या आणखी प्रती होतात त्या वेगळ्याच. त्यात पावसाआधीची वीज, ती गेली की सगळं परत पहिल्यापासून. मॅडम म्हणाल्या एक विकतचं सॉफ्टवेअर घेऊया, त्याचं वर्षाचं लायसन्स माझ्या महिन्याच्या फेलोशिपपेक्षा जास्त निघालं. मी म्हटलं नको, फुकटातलं नीट शिकते. पंचवीस हजार ओळींचा हीटमॅप तसाही कोण वाचणार, स्क्रीनवर तेवढे पिक्सेल तरी आहेत का.

मग ट्रान्सपोर्टर आणि पेरॉक्सिडेज कुटुंबांतली 640 जीन्स निवडली. लगेच एरर:

```
NA/NaN/Inf in foreign function call
```

मेसेज भयंकर दिसतो, कारण साधं आहे. काही जीन्स मुळांत व्यक्तच होत नाहीत, सहाही सँपलमध्ये शून्य. `scale = "row"` प्रत्येक ओळीतून तिची सरासरी वजा करतो आणि स्टँडर्ड डेव्हिएशननं भागतो, म्हणजे झेड-स्कोर काढतो, आणि डेव्हिएशनच शून्य असेल तर भागणार कशानं. तेवढ्या ओळी काढल्या, चित्र आलं, सुंदर आलं. तेव्हाचे ते पाच स्टार.

आता हा रिव्ह्यू परत उघडायचं कारण. गेल्या आठवड्यात आमचा पेडण्याचा ज्युनियर तीच 640 जीन्स घेऊन बसला, त्यानं लॅबची जुनी स्क्रिप्ट वापरली, ती `heatmap.2` ची. "ताई, तुमचं झाड आणि माझं झाड जुळत नाही." डेटा तोच, अंतर तेच युक्लिडियन, लिंकेज तेच कम्प्लीट, दोघांकडे `scale = "row"`. पूर्ण दुपार गेली, कँटीनची भाजी-पाव संपली तरी आम्ही तिथंच.

उत्तर असं की `pheatmap` आधी ओळी स्केल करतो आणि मग झाड बांधतो, `heatmap.2` आधी झाड बांधतो आणि मग फक्त रंगासाठी स्केल करतो. आर मधला साधा `heatmap()` पण तसाच, वर त्यात row स्केलिंग न सांगताच चालू असतं. त्यामुळे ज्युनियरच्या झाडात गट पडले ते मिठाला कोण कसं वागलं त्यावरून नाही, तर मुळात कोण किती व्यक्त होतं त्यावरून. ज्यांची पातळी 12 च्या आसपास ती एकत्र, ज्यांची 5 च्या आसपास ती एकत्र, मग मिठात एक वर गेलेलं असो नाहीतर खाली. हे ओळखायला सोपं आहे: एकाच फांदीत लाल ओळ, खाली निळी, परत लाल, असे पट्टे पट्टे दिसले की समजायचं झाड एका डेटाचं आणि रंग दुसऱ्याचे. उपाय पण सोपा, मॅट्रिक्स स्वतः स्केल करून द्यायचं आणि फंक्शनला scale = "none" सांगायचं:

```r
z <- t(scale(t(m)))
```

दोन वेळा `t` कारण `scale` स्तंभांवर चालतो. एक `t` विसरला तर एरर येत नाही, फक्त चित्र चुकतं, आणि ते जास्त वाईट.

इथे अंतराबद्दल माझा एक वेडेपणा. मार्चमध्ये मी दोन दिवस युक्लिडियन की कोरिलेशन यावर घालवले, दोन्ही चालवून बघितले आणि दोन्हीकडे गट अगदी तेच! मला वाटलं ऑप्शन लागूच होत नाही. मग कागदावर मांडलं. ओळ एकदा झेड-स्कोर केली की दोन ओळींमधलं युक्लिडियन अंतर आणि कोरिलेशन एकमेकांना बांधलेली असतात, सहा सँपलना d² = 10(1 − r). क्रम तोच, म्हणून कम्प्लीट लिंकेजला जोडण्या त्याच, फक्त फांद्यांची उंची वेगळी. ॲव्हरेज लिंकेजला थोडा फरक पडू शकतो. म्हणजे `pheatmap` मध्ये row स्केल चालू असताना ओळींच्या अंतरावरून भांडणं व्यर्थ, खरा निर्णय तुम्ही स्केल केलं तेव्हाच झालेला असतो. पियर्सन कोरिलेशन तर स्वतःच सरासरी आणि पसारा काढून टाकतं, त्याला स्केल न केलेली ओळ द्या की केलेली, उत्तर तेच. सँपलच्या बाजूला मात्र असं नाही. स्केल न करता सँपल-सँपल कोरिलेशन काढलं की सगळे एकाच्या जवळ चिकटतात, कारण जास्त व्यक्त होणारी जीन्स सगळ्याच सँपलमध्ये जास्त असतात.

आता माझी खरी तक्रार, जिच्यासाठी मी एक स्टार काढला, मग रागानं अजून एक काढला.

जूनमध्ये मॅडमना चित्र दाखवलं. मधोमध एक झणझणीत लाल ठोकळा, चाळीसेक जीन्स, पण फक्त मिठाच्या दुसऱ्या सँपलमध्ये. बाकी पाच फिक्कट निळे. मॅडम म्हणाल्या, "अगो, मीठ तिघांना घातलेलं ना? मग एकालाच का लागलं?" मी त्या चाळीस जीन्सवर एन्रिचमेंट चालवायच्या तयारीत होते, म्हणून जरा लाजच वाटली. काउंट्स उघडून बघितले तर त्या बहुतेक जीन्सना सगळीकडे शून्य, एक, दोन असे रीड्स, आणि त्या एका सँपलमध्ये सहा-सात. म्हणजे नुसता गोंगाट. मग चित्रात सगळ्यात भडक तीच कशी?

दोन जीन्स घ्या. पहिलं आदर्श: साध्या पाण्यात 7, 7, 7, मिठात 10, 10, 10. लॉग 2 मध्ये तीनचा फरक म्हणजे आठपट, प्रत्येक प्रयोगवाल्याचं स्वप्न. त्याचे झेड-स्कोर येतात −0.91 आणि +0.91. दुसरं जीन फालतू: पाच सँपलमध्ये 5.0 आणि एकात 5.3. त्याचे येतात पाच वेळा −0.41 आणि एकदा +2.04. म्हणजे आठपट वाढलेलं खरं जीन फिक्कं आणि जरासं हललेलं जीन रक्तासारखं लाल!

आणि हे त्या आकड्यांचं नशीब नाही. सहा सँपलमध्ये झेड-स्कोर 2.04 च्या वर जाऊच शकत नाही, (n−1)/√n ही त्याची मर्यादा, आणि तिथे पोचतं तेच जीन ज्यात एक सँपल वेगळं आणि बाकी पाच सारखे. तीन विरुद्ध तीन अशी स्वच्छ विभागणी 0.91 वर अडकते, फरक आठपट असो की आठशेपट. बारा सँपल असते तर हीच दोन टोकं 3.18 आणि 0.96, म्हणजे सँपल वाढवून हा दोष जात नाही, उलट दरी वाढते. row स्केल केलेल्या हीटमॅपमध्ये सगळ्यात भडक चौकोन हे बहुधा सगळ्यात संशयास्पद चौकोन असतात, आणि आपण सगळे नेमके त्यांच्याकडेच बोट दाखवतो. मी गेल्या वर्षी एका पोस्टरवर दाखवलं होतं. कुणी विचारलं नाही, नशीब.

मग यात पॅकेजची चूक किती? चवथीच्या सुट्टीत घरी माटोळी बांधताना डोकं थंड झालं आणि एक स्टार परत दिला, कारण झेड-स्कोर मीच मागितला होता. आता मी झाड आणि रंग वेगळे ठेवते. आधी निदान तीन सँपलमध्ये 10 रीड्स नसलेली जीन्स बाहेर. झाड कोरिलेशनवर, कारण मला ओळीचा आकार हवाय. रंगासाठी फक्त सरासरी वजा, भागाकार नाही, त्यामुळे रंगपट्टीवर +1 म्हणजे त्या जीनच्या सरासरीच्या दुप्पट हे सरळ वाचता येतं.

```r
hr <- hclust(as.dist(1 - cor(t(m))), "average")
d  <- m - rowMeans(m)
hc <- hclust(dist(t(d)), "average")
k  <- pmax(pmin(d, 2), -2)
pheatmap(k, cluster_rows = hr, cluster_cols = hc,
         breaks = seq(-2, 2, length.out = 101))
```

`breaks` विसरू नका, कारण scale = "row" असताना `pheatmap` शून्य रंगपट्टीच्या मधोमध आपणच ठेवतो, पण तुम्ही स्वतः सरासरी वजा करून दिली तर ठेवत नाही, सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठा आकडा अशी पट्टी ताणतो. माझ्याकडे एकदा न बदललेली जीन्स सगळी निळसर आली होती आणि मी त्यावर एक परिच्छेद लिहिला होता, तो खोडला. दोनच्या पुढचे आकडे कापलेत ते फक्त रंगासाठी, पट्टीबाहेरच्या आकड्याला रंग मिळत नाही म्हणून. झाडं दोन्ही कापण्याआधी बांधायची, नाहीतर मोठे बदल सगळे सारखेच दिसून गट बिघडतात.

एक दोष या पद्धतीत राहतोच: 0.3 नं पण तिन्ही सँपलमध्ये नेमानं वाढणारं जीन जवळजवळ पिवळसर दिसतं, डोळ्याला सापडत नाही. तसली जीन्स हवी असतील तर झेड-स्कोरचं चित्र शेजारी ठेवा, पण काउंट्सची सरासरी ओळीच्या बाजूला पट्टीसारखी लावून, `annotation_row` त्यासाठीच आहे.

फिल्टर लावल्यावर 640 मधली 388 उरली. तो लाल ठोकळा जवळजवळ गायब, चारच जीन्स उरली आणि तीही फिकी. मिठातली तिन्ही सँपल एकत्र आली, आणि ही जीन्स मी कुटुंबावरून निवडली होती, मिठाला बदलणारी म्हणून नाही, त्यामुळे त्या एकत्र येण्याला थोडी तरी किंमत आहे. बदलणारीच निवडून मग सँपल वेगळे पडले म्हणून आनंद करायचा, तो प्रकार मी गेल्या वर्षी केला होता.

स्टार चार. पाचवा त्या एररच्या भाषेसाठी कापलाय, ज्युनियर आज परत तीच घेऊन आला होता.